लाल वाळूचं विरजण

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. त्यामुळे त्या आषाढात नवऱ्याचे पांढरे शर्ट लाँड्रीतून परत आले आणि कॉलरपासून खिशापर्यंत विटकरी डाग दिसले, तेव्हा नवरा घाईघाईने म्हणाला, "मी फोन करतो." मी म्हटलं, "फोनवर भांडण नीट होत नाही," आणि स्कूटर काढली. म्हैसूरच्या विजयनगरमधून शेजारच्या हिनकलला जायला फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात मी चार वाक्यं तयार केली, आणि चारही उत्तम होती.

त्यातलं एकही वापरायला मिळालं नाही. लाँड्रीच्या मागच्या अंगणात पोहोचले तर दोऱ्यांवर पांढऱ्या चादरींची रांग होती आणि प्रत्येक चादरीवर तेच डाग होते. खाली सिमेंटच्या हौदाशी मालकीणबाई उभ्या होत्या. साठीच्या, ताठ पाठीच्या, पदर कमरेला खोचलेला. सगळं गाव त्यांना अक्का म्हणत असे. हातातल्या पत्र्याच्या डब्यातून त्या हौदात ब्लीचिंग पावडर ओतत होत्या, आणि पाणी माझ्या डोळ्यांदेखत चहासारखं होत चाललं होतं.

"अहो, काय करताय?" मी ओरडले.

"डाग काढायलोय बाई," अक्का म्हणाल्या. "जास्त घातलं की जास्त येतंय. काय पाणी की हे, अय्यो!"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते इथे उलटं झालं होतं. रोग पखालीतल्या पाण्यालाच होता आणि औषधाने तो वाढत होता. मला भांडायचं होतं, हे मी विसरून गेले.

मी मूळची इचलकरंजीची. लग्नाआधी तिथल्या एका कापड प्रक्रियेच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होते. कापड रंगवायचं तर आधी पाणी ओळखावं लागतं, ही तिथली पहिली शिकवण. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आले, घर बांधलं, बोअर मारली आणि पहिल्याच आठवड्यात बाथरूमच्या पांढऱ्या फरशा गेरू फासल्यासारख्या झाल्या. मग मीच गाळणीची टाकी बसवली. ती बघून शेजाऱ्यांनी मागितली, त्यांच्या मेहुण्याने मागितली, आणि बघता बघता मी विजयनगरातली पाणीवाली बाई झाले. मला ते नाव आवडतं. नवऱ्याला आवडत नाही, पण त्याच्या बनियनी पांढऱ्या राहतात त्यामुळे तो बोलत नाही.

मी अक्कांकडे काचेचा ग्लास मागितला. बोअरच्या नळाखाली धरला. पाणी अगदी नितळ, आरपार दिसणारं. "बघा, आता कुठे लाल आहे?" मी विचारलं. मग ब्लीचिंगची थोडी निवळी त्यात थेंब थेंब टाकली. ग्लासातलं पाणी पिवळं झालं, मग तांबूस, आणि थोड्या वेळाने तळाशी बारीक लाल गाळ बसू लागला.

"खोल जमिनीत हवा नसते, अक्का. तिथे पाण्यात लोखंड विरघळून असतं, साखरेसारखं, दिसत नाही. वर येऊन हवा लागली की ते गंजतं आणि गंज विरघळत नाही. तुम्ही ब्लीचिंग घालता तेव्हा तो गंज झटक्यात तयार होतो, तोही नेमका कापडाच्या धाग्यात. म्हणजे डाग तुम्ही काढत नाही, पक्का करता."

अक्का ग्लासाकडे बघत राहिल्या. "जुन्या बोअरला हे नव्हतं," त्या म्हणाल्या. "ती आटली. नवी लय खोल गेली. तवापासून हे." मग हातातला डबा त्यांनी शांतपणे खाली ठेवला आणि मला आत बसायला बोलावलं.

आत फिल्टर कॉफी आली आणि कॉफीबरोबर सगळी हकीकत आली. अक्कांचं घराणं जुन्या म्हैसूर संस्थानच्या फौजेतल्या मराठ्यांचं. सासऱ्यांनी लाँड्री घातली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. तलवारीचे हात परटाच्या कामाला लागले म्हणून. सासरे म्हणाले, तलवारीला आता गिऱ्हाईक नाही, पांढऱ्या पंच्याला आहे. नवरा गेल्यावर अक्कांनी एकटीने ती चालवली. आता मोठं काम एकच उरलं होतं, जवळच्या कल्याण मंटपाचं. लग्नघराच्या खोल्यांतल्या चादरी, उश्यांचे अभ्रे, जेवणाच्या टेबलांवरची कापडं, सगळं पांढरं. आणि मंटपाच्या मॅनेजरने स्वच्छ सांगितलं होतं की दसऱ्यानंतरच्या पहिल्या लग्नाचे कपडे लाल आले तर पुढचं काम बेंगळूरच्या मशीनवाल्याकडे जाईल.

"जाऊ दे की काम," मी म्हटलं. "दुसरं मिळेल."

"काम नाही ग जात. मी जातेय." पहिल्यांदा त्या अहोजाहो सोडून बोलल्या. त्यांचा मुलगा बेंगळूरला नोकरीला होता, सहाव्या मजल्यावर राहात होता. आईने या वयात हौदात हात बुडवून उभं राहू नये असं त्याला मनापासून वाटे. इतकी वर्षं अक्का म्हणायच्या, मंटपाचं काम आहे तोवर इथेच. आता मुलगा म्हणत होता, अम्मा, काम गेलं तर मत्ते, आणखी काय राहिलं तिथे? दसऱ्याला येतो आणि घेऊनच जातो. "चांगला आहे ग पोरगा. सून पण चांगली. पण सहाव्या मजल्यावर दोरी कुठं बांधू मी? सुम्ने, नुसतं बसून टीव्ही बघू?"

मला त्यांचं पटलं. स्वतःच्या अंगणातून उठवलं जाणं ही काय चीज आहे ते मला माहीत होतं. माझ्या आईला आम्ही तसंच उठवलं होतं, प्रेमानेच. म्हणून मी माझ्या नेहमीच्या आत्मविश्वासाने म्हणाले, "अक्का, दसऱ्याला तुमच्या चादरी दुधासारख्या निघतील. माझा शब्द."

"स्वल्प कमी बोललीस तरी चालंल," अक्का म्हणाल्या.

काम अवघड नव्हतं. लोकांना वाटतं की पाणी साफ करायला निळे दिवे आणि बीप वाजवणारी यंत्रं लागतात. लोखंड काढायचं तर त्याला आधी हवा द्यायची, मग वेळ द्यायचा, मग गाळायचं. बस्स. बोअरचं पाणी आम्ही लोखंडी घोडीवर उंच चढवलं. वर भोकं पाडलेला पाइप, त्याखाली भाजीवाल्यांचे प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक, प्रत्येकात धुतलेली खडी. पाणी खडीवरून ठिबकत, फुटत, पातळ होत खाली यायचं. तेवढ्यात त्याला हवा लागायची आणि त्यातला नको तो वायू उडून जायचा, त्यामुळे पाण्याचा आंबटपणा कमी होऊन गंजायला आणखी मदत व्हायची. खाली मोठी टाकी, तिथे ते मुक्कामाला राहायचं. मग उंच निळं पिंप, तळाला गोटे आणि वर हातभर चाळलेली वाळू. वरून लाल कण घेऊन आलेलं पाणी खालून नितळ निघायचं आणि हौदाला जायचं. वाळू तुंबली की तिच्यातून उलटं, खालून वर पाणी सोडायचं, म्हणजे अडकलेला चिखल वर येऊन बाहेर पडतो. तो चिखल अक्कांनी केळींच्या बुंध्याला लावला. केळींनी काही तक्रार केली नाही.

जुन्या डागांसाठी मी ऑक्झॅलिक आणलं. पांढरी पूड, विषारी, हातमोजे घालून वापरायची, नंतर कापड भरपूर खळबळायचं. एका चादरीवरचा डाग त्या पाण्यात विरघळून गेला तेव्हा अक्का लहान मुलीसारख्या हसल्या. "गंजाला हेच पायजे, अल्वा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गंजाला हेच. हे वाक्य पुढे मला चांगलंच भोवलं.

पहिले काही दिवस पाणी फिकट पिवळंच येत होतं. अक्का रोज सकाळी ग्लास भरून निवळीचे थेंब टाकायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी त्यांना सांगितलं की नव्या वाळूला काम येत नाही, ती मुरावी लागते. वाळूच्या कणांवर लाल-तपकिरी थर चढू द्या. तो थरच पाण्यात उरलेलं, न गंजलेलं लोखंड पकडतो आणि स्वतःवर चढवून घेतो. वाळू जितकी जुनी आणि लाल, तितकं पाणी पांढरं. अक्कांना हे पटायला जड गेलं. जन्मभर ज्यांनी लाल रंगाशी हाडवैर धरलं, त्यांना मी लाल रंग जपायला सांगत होते. पण भाद्रपदात एका सकाळी निवळी टाकल्यावरही ग्लास तसाच नितळ राहिला. अक्कांनी तो उन्हात धरला, फिरवला, शेजारणीला दाखवला आणि मग त्यातलं पाणी तुळशीला घातलं. ब्लीचिंगचं पाणी तुळशीला घालू नका म्हणून मी ओरडले, पण आनंदात ऐकतंय कोण.

नवरात्र लागलं. म्हैसूरमध्ये त्या दिवसांत काही काम होत नाही. सगळे एकतर पाहुण्यांना राजवाड्याचे दिवे दाखवत असतात नाहीतर गर्दीला शिव्या घालत असतात. आम्ही दोन्ही केलं. नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी इथे ज्याच्या त्याच्या हत्याराला आंघोळ असते. बस, रिक्षा, शिवणयंत्रं, संगणक, सगळी धुऊनपुसून, गंध लावून, झेंडूच्या माळा घालून उभी असतात. आमच्या स्कूटरलाही नवऱ्याने लिंबू बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, रस्त्यावर दृष्ट काढून फोडलेले कुंकवाचे कोहळे चुकवत मी हिनकलला निघाले, कारण मंटपाचे कपडे त्या दिवशी पहिल्यांदा हौदात पडायचे होते. लग्न दसऱ्याच्या पाठोपाठच होतं.

अंगण चकाचक होतं. इस्त्र्यांना कुंकू होतं, हौदाला रांगोळी होती, दोऱ्यांना आंब्याची पानं होती. निळ्या पिंपाला सर्वांत मोठी माळ घातली होती. मला ती बघून बरं वाटलं. तेवढ्यात अक्कांचा मुलगा बाहेर आला. तो आदल्या दिवशी आला होता. तिशीचा, सभ्य, चेहऱ्यावर आईचीच हनुवटी. त्याच्या हातात मंटपाची पहिलीच धुतलेली, ओली चादर होती. तिच्यावर डाग होते. फिके, पण होते.

"मॅडम, हे तुमचं फिल्टर," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "काल अम्माने किती पूजा केली त्याची."

मी ग्लास भरला, निवळी टाकली. पिवळा. मी घोडीवर चढून पिंपाचं झाकण उघडलं आणि आत बघितलं. वाळू पांढरीशुभ्र होती. समुद्रकिनाऱ्यावर सुद्धा इतकी पांढरी वाळू मी पाहिली नव्हती.

"अक्का! वाळू कुणी बदलली?"

"बदलली नाही ग," अक्का खालून अभिमानाने म्हणाल्या. "धुतली! सगळी उपसून काढली, ऑक्झॅलिकमधे घातली, दहा पाण्यातून खळबळली. किती घाण होती, नोडु, बघ की! आयुधपूजेला कसं तसंच ठेवायचं? एवढं काम करतंय बिचारं, त्याला आंघोळ नको?"

मला रडू आलं, आणि हसूही, आणि या दोहोंच्या वर राग. इतके आठवडे पाण्यातल्या लोखंडाने कणाकणावर जे अंगरखे चढवले होते ते या बाईने एका दुपारी उतरवून गटारात सोडले होते. आणि उतरवायचं रसायन मीच तिच्या हातात दिलं होतं, मीच म्हटलं होतं की गंजाला हेच. "मी सांगितलं होतं ना तुम्हाला!" मी वरूनच ओरडले. "लाल राहू द्या म्हणून सांगितलं होतं ना!"

"ते रोजचं सांगितलंस," अक्का म्हणाल्या. "सणाचं कुठं सांगितलंस?"

धुणाऱ्या बाईच्या घरात वर्षाच्या सणाला एकही वस्तू न धुता राहणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि एखादी न धुताच ठेवायची असते, हे त्यांच्या. मी खाली उतरले. अक्कांना हळूहळू कळत गेलं. त्यांनी मुलाच्या हातातली चादर घेतली, डागावरून अंगठा फिरवला आणि रांगोळीशेजारच्या पायरीवर बसल्या. "म्हणजे माझ्याच हाताने घालवलं, अल्वा?" त्या म्हणाल्या. त्या कधी अशा बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या; त्या नेहमी उभ्याच असायच्या.

मुलगा त्यांच्याजवळ बसला. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगते. "साकु, अम्मा," तो हळूच म्हणाला. "आता पुरे कर. मी मंटपात फोन करतो. तुझ्या कपड्यांची बॅग मी भरतो, तू काही करू नको."

"थांब," मी म्हटलं. तो चमकला. माझा तो आवाज नवऱ्याला ओळखीचा आहे, त्याला नवा होता. "मॅनेजरला फोन नाही करायचा. गाडी काढ. आपण माझ्या घरी जाऊ."

"कशाला?"

"विरजण आणायला."

त्याला काही कळलं नाही. अक्कांना कळलं. त्यांनी मान वर केली. दुधाचं दही आपोआप व्हायला दिवस लागतात, खात्रीही नसते. पण वाटीभर जुनं दही घातलं की काम होतं. वाळूचंही तसंच आहे. लाल थराला लाल थर लवकर धरतो. माझ्या घरच्या पिंपात कितीतरी वर्षं मुरलेली, कॉफीच्या पुडीच्या रंगाची वाळू होती. तिला कधी कुणी आंघोळ घातली नव्हती, कारण माझ्या घरात कुणाला इतका उत्साह नाही.

"आणि तुझ्या घरचं पाणी?" अक्कांनी विचारलं.

"होईल लाल. माझ्याकडे कुठे लग्न आहे?"

नवरा सणाची कुर्मा-पुरी खाऊन पेपर वाचत बसला होता. मी आणि तो अनोळखी मुलगा बादल्या घेऊन गच्चीवर चढलो, तेव्हा त्याने फक्त इतकंच विचारलं की आज काय उपसताय. मी सांगितलं. मग त्याने पेपर घडी करून ठेवला आणि बाही सारून वर आला. माणूस बोलत नाही, पण मला एवढी वर्षं तो चालला तो याच कारणासाठी. आम्ही तिघांनी ओल्या वाळूने बादल्या भरल्या. ती वाळवायची नाही, धुवायची नाही, ओली फडकी झाकूनच न्यायची, कारण वाळली तर थराची ताकद जाते. मुलाचा पांढरा शर्ट कोपरापर्यंत लाल झाला. त्याने तो झटकला आणि जाऊ दे म्हणाला.

हिनकलला परतलो तर अक्का पायरीवरून उठल्या होत्या आणि मुक्कामाची टाकी रिकामी करून परत भरत होत्या. बरंच झालं. आधी पिंपातून भरपूर पाणी सोडून दिलं, वाळूत ऑक्झॅलिकचा अंश राहिला असेल तर तो जावा म्हणून; तो राहिला तर लोखंडाला धरून ठेवतो आणि गंजूच देत नाही. मग वरची पांढरी वाळू काढून तिच्या जागी माझी लाल वाळू पसरली. एवढ्याशा थरावर सगळा भार टाकायचा नव्हता, म्हणून पाण्याला टाकीत नेहमीपेक्षा जास्त मुक्काम दिला आणि पिंपाचा नळ अगदी बारीक ठेवला. करंगळीएवढी धार. "या धारेने सगळ्या चादरी कधी होणार?" मुलगा म्हणाला. "होतील," अक्का म्हणाल्या. "साबणाचा हात साठवलेल्या नळाच्या पाण्यात देऊ. शेवटची खळबळ तेवढी ह्या पाण्यात." कॉर्पोरेशनचं पाणी तिथे अधूनमधून यायचं, ते त्यांनी सणासाठी साठवलं होतं. आता ते घर पुसायला लागणार नव्हतं.

सुरुवातीचं पाणी सांडून दिलं. मग अक्कांनी ग्लास धरला. थेंब टाकले. आम्ही सगळे त्या ग्लासाकडे असे बघत होतो की रस्त्याने कुणी गेलं असतं तर त्याला वाटलं असतं, यांनी आत काही बुडवलं आहे. पाणी हललं, स्थिरावलं, आणि तसंच राहिलं. अक्कांनी तो ग्लास हौदाच्या कडेवर ठेवला आणि म्हणाल्या, "अजून थांबा. फसवील." आम्ही थांबलो. कॉफी झाली. ग्लास नितळच होता. मग त्यांनी पदर खोचला.

त्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दिवशी मी जे काम पाहिलं ते मी विसरणार नाही. धार बारीक होती, पण अक्कांचे हात भरभर चालत होते. बेंगळूरचा मुलगा पिळायला उभा राहिला. पहिल्यांदा त्याने चादर अशी पिळली की अक्का म्हणाल्या, "उशी पिळतोस की काय?" मग त्याच्या हातांना आठवलं, लहानपणी त्याने हेच केलेलं असणार. नीळ झाली, कांजी झाली, चादरी दोरीवर चढल्या. ऊन पडलं तेव्हा त्यांच्याकडे डोळे भरून बघवत नव्हतं. मी प्रत्येक चादरीचे कोपरे तपासले, अक्कांनी मधला भाग तपासला, आणि मुलगा आमच्या मागून सगळं परत तपासत गेला. डाग नव्हता.

मंटपाचा मॅनेजर स्वतः आला. कपडे मोजले नाहीत, फक्त एक टेबलक्लॉथ उघडून उजेडात धरला. "बरंय," तो कन्नडमध्ये म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही, असं अक्कांनी नंतर सांगितलं. कार्तिकातल्या लग्नांचे कपडे त्याने सोबत आणलेल्या टेम्पोतून उतरवून ठेवले.

मुलगा बेंगळूरला निघाला तेव्हा मी तिथेच होते. पिंप बघायला म्हणून गेले होते असं समजा. त्याने बॅग गाडीत ठेवली. एकच बॅग, त्याचीच. मग परत आत गेला आणि हातात आपले पांढरे शर्ट घेऊन आला, माझ्या वाळूने लाल झालेला तो शर्टही त्यात होता. हौदाच्या कडेवर ते सगळे ठेवून तो म्हणाला, "अम्मा, हे ठेव. संक्रांतीला येईन तेव्हा नेईन." अक्कांनी शर्ट उचलले, कॉलर बघितल्या आणि म्हणाल्या, "बेंगळूरच्या मशीनने कॉलर धुतलीच नाही." आणि पाठ फिरवून आत गेल्या. त्या का आत गेल्या ते त्याला आणि मला दोघांना कळलं.

आमच्या घरी मात्र सगळं लाल झालं. मी पिंपात नवी वाळू घातली, ती आपल्या चालीने मुरू लागली, आणि तोवर बाथरूमच्या फरशांवर पुन्हा गेरू चढला. नवऱ्याचे शर्ट आणि बनियनी अक्कांकडे जाऊ लागल्या. त्या घड्या इतक्या करकरीत येत की तो एकदा म्हणाला, आपलं पिंप दुरुस्त झालं नाही तरी चालेल.

संक्रांतीला इथल्या बायका एळ्ळु-बेल्लाची ताटं घेऊन घरोघरी जातात. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, उसाचा तुकडा. दुपारी दारात अक्का उभ्या होत्या. नवं इरकल, केसात शेवंती. मुलगा आणि सून मागे गाडीत होते. एका हातात ताट, दुसऱ्या हातात माझीच बादली, दसऱ्यापासून त्यांच्याकडे राहिलेली. वर पांढरंशुभ्र फडकं बांधलेलं, त्यावर हळदकुंकू.

"बादलीची काय घाई होती?" मी म्हटलं.

"रिकामं भांडं कसं ग परत द्यायचं?" त्या म्हणाल्या, आणि फडकं सोडलं. आत ओली, लालभडक, तपकिरी झाक मारणारी वाळू काठोकाठ भरली होती. त्यांच्या पिंपात माझ्या वाळूखालची वाळूही आता मुरली होती, आणि वरचा थर त्यांनी मला परत आणला होता. मी वाळूत हात घातला. बोटं लाल झाली.

अक्का जरा पुढे झुकल्या. सुनेला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात, पण तलवारवाल्यांच्या घराण्याला शोभेल अशा ताठ्याने त्यांनी मला सांगितलं, "धुतली नाही हं."